पीजीच्या करारातली नोटीस मोजायची कधीपासून?

खोली पसंत पडली, डिपॉझिट म्हणून दोन महिन्यांचं भाडं ठरलं आणि काकूंनी दोन पानांचा करार पुढे केला. मी आधी खोली सोडण्याचं कलम शोधलं. तिथे 'एक महिन्याची नोटीस' असं होतं आणि खाली बारीक अक्षरांत, 'नोटीस पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून धरली जाईल.'

विद्यार्थ्याला हेच वाक्य महागात पडतं, कारण परीक्षा काही महिनाअखेर बघून संपत नाहीत. माझी परीक्षा १२ मे रोजी संपणार होती. १५ एप्रिलला नोटीस दिली, तर या वाक्याप्रमाणे ती १ मेपासून सुरू होऊन अख्ख्या मेचं भाडं लागणार. दिल्या तारखेपासून ३० दिवस धरले, तर १५ मेला ती पुरी होते.

"काकू, एवढं बदलता येईल का?" मी विचारलं.

"अगं, रिकामी कॉट मला भरायला वेळ नको का?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. म्हणून ३० दिवस पूर्ण ठेवले, फक्त मोजणी नोटीस दिल्या दिवसापासून. नोटीस मेसेजवर चालेल, पण त्यांचं 'मिळाली' असं उत्तर हवं, हेही लिहिलं. जुनं वाक्य खोडून बाजूला दोघींनी सह्या केल्या. तोंडी कबुली वर्षभरानंतर कुणाला आठवणार?

जेवणाचं कलम एका ओळीत आटोपलं होतं: जेवलात नाही तरी पैसे पूर्ण. सलग सात दिवसांहून जास्त सुट्टी असेल आणि दोन दिवस आधी सांगितलं, तर जेवणाची वजावट मिळेल, असं ठरलं. त्यासाठी भाडं आणि जेवण यांचे आकडे वेगळे लिहून घ्यावे लागले. एकच रक्कम असेल तर वजा कशातून करणार? पाहुण्यांसाठी रात्री आठपर्यंत बैठकीची खोली होती. आईला मुक्काम करता येईल का, एवढंच मी विचारलं. आधी कळवून, एक रात्र, असं उत्तर मिळालं आणि तेही लिहिलं गेलं.

डिपॉझिटच्या कलमात 'नुकसान वजा करून परत' एवढंच होतं. नुकसान म्हणजे काय आणि परत कधी, हे कुठेच नव्हतं. नेहमीच्या वापराची झीज नुकसानीत धरायची नाही, वजावटीचा हिशेब लेखी द्यायचा आणि खोली सोडल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, अशी भर घातली. सामान लावण्याआधी भिंती, गादी, कपाट आणि नळ यांचे फोटो काढून काकूंना त्याच दिवशी पाठवले.

निघताना त्यांनी रंगकामाचे पैसे धरले होते. खिडकीखालच्या ओलीचा डाग पहिल्या दिवसाच्या फोटोत तसाच दिसत होता, तो त्यांना दाखवला. रंगकाम हिशेबातून गेलं. कपाटाची हरवलेली किल्ली आणि थकलेलं वीजबिल ही माझीच जबाबदारी होती, ते वजा झालं. मेचं भाडं १५ दिवसांचंच लागलं आणि उरलेलं डिपॉझिट मुदतीत खात्यावर आलं.