‘पुढच्या वर्षी डबल’ असं मी एकदा मेलमध्ये लिहून बसले

दिवाळी झाली की इकडे स्टुटगार्टमध्ये माझ्या मेलबॉक्समध्ये थँक्यू मेल यायला लागतात. गोडाऊनवाला, लेबल छापणारा, कस्टम्सचं काम बघणारा एजंट, झाडून सगळे. चार ओळी, एक बर्फाचा फोटो, सहकार्याबद्दल आभार, पुढच्या वर्षीही असंच चांगलं काम करूया आणि शेवटी ‘गुटेन रुट्श’, म्हणजे शब्दशः ‘चांगली घसरगुंडी होवो’, नव्या वर्षात नीट घसरत जा असं काहीतरी (मला अजूनही हसू येतं). वीस डिसेंबरनंतर ऑफिसात कुणीच नसतं, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच हे सगळं उरकतात.

माझा धंदा अगदी छोटा, पुण्यातून तांब्याची भांडी आणून इथे ऑनलाइन विकते. तांबे, जग, थोडी कुंड्यांची भांडी. सगळं मठारकाम, कसबा पेठेतल्या तांबट आळीत हाताने ठोकलेलं. २०२३ च्या दिवाळीत मला वाटलं आपणही प्रोफेशनल व्हावं, इकडच्यासारखी एक मेल टाकावी. इंग्रजीत टाकली. सगळ्यांना एकच. एकोणीस पत्ते सीसीमध्ये.

सीसीचं आधी सांगून टाकते कारण ते पटकन संपतं. भोसरीतले दोन खोकेवाले, एकमेकांचे कॉम्पिटिटर, दोघांनाही मी दुसऱ्याबद्दल कधी बोलले नव्हते, दोघांनाही एकाच मेलमध्ये दुसऱ्याचा पत्ता दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाचा फोन, "ताई, त्यांचा रेट काय लावलाय?" आणि इकडच्या गोडाऊनवाल्याने अत्यंत सभ्य भाषेत कळवलं की लोकांचे पत्ते असे सगळ्यांना दाखवणं इथल्या डेटा प्रोटेक्शनच्या नियमात बसत नाही. बीसीसी नावाची ओळ मेलमध्ये का असते ते मला तेव्हा कळलं.

पण खरी भानगड शेवटच्या वाक्यात होती. मी लिहिलं होतं की पुढच्या वर्षी आपण मिळून काम दुप्पट करू अशी आशा आहे. इथे असलं वाक्य कुणी वाचतसुद्धा नाही, ते बर्फाच्या फोटोइतकंच असतं. माझे तांबटकाका मात्र मेल बघत नाहीत, त्यांचा मुलगा बघतो, त्याने वाचून काकांना एका वाक्यात सांगितलं, "ताईंचं पुढच्या वर्षी डबल आहे."

मला हे फेब्रुवारीत कळलं. पुण्याला आले होते, आळीत गेले, तीच ठोकठोक लांबूनच ऐकू येणारी, काका मांडी घालून बसलेले, समोर लोखंडी खरवईवर उलटा घातलेला जग आणि हातोडी एका लयीत पडतेय, प्रत्येक ठोक्याला नखाएवढी चकाकती टिकली उठतेय आणि पुढची टिकली बरोबर तिच्या शेजारी. चहा झाला. मग काका म्हणाले वर माळ्यावर बघा की. वर पत्रा. तांब्याचा, गुंडाळ्या करून ठेवलेला, ओळीने.

मी दरवर्षी साधारण दोनशे नग घ्यायचे. दुप्पट म्हणजे आणखी दोनशे, नगाला कापकुपीसकट सहाशे ग्रॅम धरलं तर एकशे वीस किलो पत्रा. त्यावेळच्या भावाने लाखाच्या घरात गेलं ते. अर्धे पैसे साठवलेले, अर्धी उधारी व्यापाऱ्याची. ऑर्डर नाही, अॅडव्हान्स नाही, फक्त माझी ‘आशा’.

आणि माझ्याकडे तोवर उलटंच चालू होतं. नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, डिसेंबरपासून न्हावा शेवाहून निघालेली जहाजं सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली, दहा-पंधरा दिवस जास्त आणि भाडं विचारूच नका. म्हणजे वर्षभर मी हात आखडूनच घेणार होते. शेवटी २०२४ मध्ये एकशे चाळीस नगच घेतले. दुप्पट राहिलं बाजूला, आधीच्यापेक्षा साठ कमी.

काकांना हे सांगितलं तेव्हा हातोडी थांबली नाही. "तुम्ही लिहून पाठवलंत ना?" एवढंच म्हणाले. बरोबरच आहे. आळीत शब्द तोंडी दिला तरी तो शब्द असतो, हे तर लेखी होतं. मी अॅडव्हान्स म्हणून जमेल तेवढे पैसे तिथेच दिले पण ते मलमपट्टीच होती. वाचवलं ते तांब्याच्या भावानेच. मे महिन्यात लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर तांबं टनाला ११ हजार डॉलरच्या वर गेलं, तोवरचा उच्चांक, आणि काकांचा जुना पत्रा आपोआप स्वस्तातला ठरला. थोडा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कामात गेला, थोडा माझ्या. भाव उतरला असता तर मला आळीत तोंड दाखवायला जागा नव्हती.

मग २०२४ च्या दिवाळीला मेल लिहायला बसले तेव्हा आधी यादीचे दोन भाग केले. इकडच्या लोकांना डिसेंबरमध्ये, त्यांच्या पद्धतीचीच गुळगुळीत मेल, त्यांना त्याहून जास्त काही लिहिलं तर तेच बुचकळ्यात पडतात. पुण्याच्या लोकांना पाडव्याच्या आधी, मराठीत, एकेकाला वेगळी. नऊच जण आहेत, दोन संध्याकाळी झालं काम. डिसेंबरात पाठवण्यात तसाही अर्थ नाही, यांचं हिशोबाचं वर्ष मार्चला संपतं आणि मनातलं पाडव्याला सुरू होतं, एकतीस डिसेंबरचं कुणाला काय पडलंय.

काकांना लिहिलेली ही, मुलाने मोठ्याने वाचावी म्हणून मुद्दाम छोटी:

"काका, नमस्कार. ह्या वर्षी तुम्ही १४० नग दिलेत. त्यातले ४ परत आले, चारही वाटेत चेपलेले, तुमच्या कामातला दोष एकाचाही नाही. जुलैत कल्हईवाल्यांकडे काम अडलं तेव्हा तुम्ही स्वतः दुसरीकडे नेऊन करून आणलंत, त्यामुळे माझा कंटेनर चुकला नाही, हे मी विसरलेले नाही. पुढच्या वर्षाचं असं: ६० जग पक्के, अर्धे पैसे १० जानेवारीच्या आत पाठवते. त्यापुढचं आज मला सांगता येत नाही. माझी ऑर्डर आणि अॅडव्हान्स आल्याशिवाय माझ्यासाठी पत्रा घेऊ नका. काकूंना नमस्कार, दिवाळीच्या शुभेच्छा."

आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "शुभेच्छापत्र आहे की नोटीस?" शेवटची दोन वाक्यं रुक्ष आहेत हे मान्य, मीही दोनदा खोडली आणि दोनदा परत लिहिली. पहिला आकड्यांचा भाग मात्र मला फार आवडतो, कारण तो लिहायला वर्षभराची वही काढून बसावं लागतं, आणि बसल्यावर लक्षात येतं की जुलैतलं ते कल्हईचं मी खरंच विसरले होते, वहीत होतं म्हणून सापडलं.

चार दिवसांनी मुलाच्या नंबरवरून काकांचा व्हॉइस मेसेज आला. मागे ठोकठोक चालूच. "ताई, वाचलं. चारच आले ना परत? ते चेपलेले फेकू नका, पुढच्या खेपेला येताना घेऊन या, सरळ करून देतो. आणि साठ जग म्हणालात, ते झाकणाचे की बिनझाकणाचे?"

झाकणाचं लिहायचं राहिलंच होतं.