मार्चच्या रकान्यातले १५२

मी दारव्ह्याला प्रकल्प अहवाल तयार करून देतो. बहुतेक काम शेतकरी उत्पादक कंपन्यांचं. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या डाळ मिलसाठी ६४ पानांचा अहवाल केला होता. तो घेऊन कंपनीचे अध्यक्ष आणि मी बँकेत बसलो होतो. मॅनेजर साहेबांनी पानं उलटवली, एकतिसाव्या पानावर थांबले आणि विचारलं, "मार्च अखेर तुमच्या खात्यात दीड कोटी शिल्लक आहे. मग कर्ज कशाला मागता?"

अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. मी पान ओढून घेतलं. मार्चच्या रकान्यात १,५२,००,००० असाच आकडा होता. घरच्या प्रतीत मात्र तो लाल होता, म्हणजे उणे. बँकेला तीन प्रती हव्या होत्या म्हणून गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून काळ्या-पांढऱ्या काढल्या होत्या. लाल रंग गेला आणि तूट शिल्लक होऊन बसली, कारण एक्सेलमध्ये मी हे रूप निवडलं होतं:

```
#,##0;[Red]#,##0
```

अर्धविरामानंतरचा भाग उणे आकड्याचा असतो. त्यात रंग आहे, उणेचं चिन्ह नाही. साहेबांना मी खुलासा केला, पण ते म्हणाले, "भाऊ, मले कागदावर दिसलं पाहिजे. नीट करून आणा."

घरी आल्यावर आधी ते रूप बदललं:

```
#,##0;-#,##0
```

पण तक्ता पुन्हा वाचताना त्याहून मोठी गोष्ट लक्षात आली. तक्ता एप्रिल ते मार्च असा, आर्थिक वर्षाप्रमाणे होता. आमच्याकडे तूर डिसेंबरच्या शेवटी निघायला लागते आणि मिलची खरेदी जानेवारी ते मार्च होते. ३,००० क्विंटल, ७,००० रुपयांनी, म्हणजे २ कोटी १० लाख तीन महिन्यांत बाहेर जाणार. डाळ विकून पैसा परत येतो एप्रिलपासून पुढे. म्हणजे खड्डा एका तक्त्याच्या शेवटच्या रकान्यांत आणि भरून निघणं पुढच्या वर्षाच्या तक्त्यात, पान उलटल्यावर. एकाच हंगामाचे दोन तुकडे झाले होते, तेही २३ ओळींच्या खाली, सगळ्यात तळाशी.

आर्थिक वर्षाचे ताळेबंद बँकेला तसेच लागतात, त्यांना हात लावला नाही. फक्त महिन्याचा रोकड तक्ता ऑक्टोबर ते सप्टेंबर केला. आकडे लाखांत घेतले, उजवीकडे लावले म्हणजे एकक-दशक एकाखाली एक आले. अखेरची शिल्लक ठळक करून वर आणली. उभ्या रेघा काढून टाकल्या, फक्त बेरजेआधी एक आडवी ठेवली. बारा रकाने उभ्या पानावर मावेनात. मग अक्षर बारीक करण्यापेक्षा तेवढं पान आडवं केलं.

त्याच्या खाली एक स्तंभालेख काढला. आधी तिथे खर्चाच्या वाटणीचा रंगीत गोल होता, तो झेरॉक्समध्ये नुसता काळपट डाग झाला होता. आता शून्याच्या रेघेखाली जाणारे राखाडी स्तंभ, प्रत्येकाच्या टोकाला आकडा. आणि आम्ही मागितलेली कॅश क्रेडिट मर्यादा, १२० लाख, तिची तुटक रेघ, नाव रेघेवरच लिहिलेलं. बाजूला रंगांची सूची ठेवलीच नाही.

आलेख उभा राहिला तेव्हा मार्चचा स्तंभ ती रेघ ओलांडून खाली गेलेला दिसला. उणे १५२. मर्यादा १२०. बत्तीस लाख कमी पडत होते. मर्यादा एकोणिसाव्या पानावर होती, तूट एकतिसाव्या पानावर. दोन्ही आकडे मीच लिहिले होते, पण कधी एकमेकांशेजारी ठेवले नव्हते.

रात्रीच अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "मर्यादा वाढवून मागितली तर तारण कुठून आणाचं? सभासदाईले विचारून पाहतो." सभा झाली. काही सभासदांनी मिळून ६०० क्विंटलचे पैसे एप्रिलमध्ये घ्यायचं मान्य केलं. त्यातून ४२ लाख मार्चमधून सरकले, मार्च उणे ११० वर आला. एप्रिलची अखेर आधीसारखीच उणे १०९, कारण पैसे तोवर द्यायचेच होते.

मग शीर्षक बदललं. आधी होतं 'रोकड प्रवाह विवरण'. नवं लिहिलं: 'मार्चमध्ये सर्वाधिक ११० लाख लागतात, मर्यादा १२० लाख'. अनुक्रमणिकेतही तेच उतरलं. या वेळी प्रत छापल्यावर आधी झेरॉक्स काढली आणि तीच वाचून पाहिली.

पुढच्या खेपेला साहेबांनी अनुक्रमणिकेवर बोट फिरवलं, सरळ त्या पानावर गेले आणि विचारलं, "सभासदाईचं हे लेखी आहे का?" अध्यक्षांनी पिशवीतून ठरावाची प्रत काढली.