बॅजवर बाबा

काल दुपारी ड्रॉवर आवरायला घेतला तर एका परदेशातल्या कॉन्फरन्सचा जुना बॅज सापडला, वर ठळक अक्षरात Dattatray आणि त्याखाली बारीक टायपात मी. दत्तात्रय म्हणजे आमचे बाबा. तीन दिवस तिथले लोक मला डॉक्टर दत्तात्रय म्हणत होते आणि मी ओ देत होते.

चूक माझीच. फॉर्ममध्ये सवयीने आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं लिहिलं. शाळेत हजेरी तशीच व्हायची, बाई एका दमात तिन्ही म्हणायच्या आणि 'हजर' म्हणताना आपण बाबांच्या वतीनेही हजेरी लावतोय असं वाटायचं. दहावीच्या सर्टिफिकेटवरही तोच क्रम. पण तिकडे मध्ये स्वल्पविराम नसला की सॉफ्टवेअर शेवटच्या शब्दालाच आडनाव समजतं. 'तेंडुलकर सचिन रमेश' असं टाकलं तर संदर्भसूचीत T. S. Ramesh निघेल, म्हणजे शतकं मुलाची आणि नाव वडिलांच्या खात्यावर! Tendulkar, Sachin Ramesh असं स्वल्पविराम देऊन लिहिलं की भानगड मिटते. स्कोअरबोर्डवर तो कायम SR Tendulkar, त्यातला R म्हणजे रमेश, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

पण हाच हिशोब सगळ्या भारताला लावायला जावं तर फसतो. विश्वनाथन आनंदमधलं विश्वनाथन हे वडिलांचं नाव, आडनाव नव्हेच, त्यामुळे जग ज्याला लाडाने 'विशी' म्हणतं ते खरं तर वडिलांना हाक मारणं झालं. व्हीव्हीएस लक्ष्मणचा पहिला व्ही घराण्याचा, वंगीपुरपूचा, आणि लक्ष्मण हे त्याचं स्वतःचं नाव. म्हणून बायोच्या दुसऱ्या वाक्यात नुसतं कुठलं नाव घ्यायचं हे आपणच ठरवून लिहून द्यावं, वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडू नये.

मी आता नाव, D., आडनाव एवढंच लिहिते. मधे लग्न झालं, बँकेत मधलं नाव नवऱ्याचं लागलं, तेव्हा एका पेपरवर D चा M झाला आणि एका डेटाबेसमध्ये माझ्या एकीच्या दोन बायका झाल्या, एकीचे अकरा पेपर आणि दुसरीचा एक. संशोधकांना कायमचा ओळख नंबर देणाऱ्या ओर्किडच्या प्रोफाइलमध्ये M वालं रूप 'दुसरी नावं' म्हणून टाकलं, पेपरलाही तोच नंबर जोडला, मग कुठे त्या बायका एकत्र आल्या. नवरा म्हणाला, म्हणजे मला काढलंस. म्हटलं, अरे D आधीपासून छापलाय, तू उशिरा आलास.

बॅजचा फोटो बाबांना पाठवला. लगेच फोन आला, "फी कुणी भरली होती?"