पुढचा पेग नाकारताना

लातूरमधील एका परमिट रूममध्ये मी गेली नऊ वर्षे व्यवस्थापक म्हणून काम करतो आहे. सोयाबीनची पट्टी हाती पडण्याच्या दिवसांत आमच्याकडे गर्दी वाढते आणि दारू चढलेल्या माणसाला सांभाळण्याचे प्रसंगही त्याच काळात अधिक येतात. गेल्या नोव्हेंबरमधला असा एक प्रसंग मी इथे सविस्तर लिहितो आहे, कारण त्यात माझी चूकही झाली आणि ती वेळेवर सावरताही आली.

कोपऱ्यातल्या टेबलावर चौघे बसले होते. त्यांतल्या पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांचा आवाज चढला, ते शेजारच्या टेबलाशी बोलू लागले आणि ग्लास ठेवताना त्यांचा हात दोनदा चुकला. अशा वेळी मी आधी बिल पाहतो. सव्वा तासात त्यांच्या नावावर दोन क्वार्टर, म्हणजे साठ मिलिलिटरचे सहा पेग लागले होते. शरीराला असा एक पेग निचरायला साधारण दोन ते तीन तास लागतात आणि शेवटचा घोट घेतल्यानंतरही अर्धा-पाऊण तास नशा चढतच राहते, त्यामुळे ते पुढे आणखी बिघडणार हे उघड होते. बिल लहान असूनही माणूस अडखळत असेल, त्याला घाम सुटला असेल, तर मी साखर कमी झाल्याची शंका घेतो आणि सोबत्यांना मधुमेहाबद्दल विचारतो. इथे तसे काही नव्हते.

त्यांनी पुन्हा क्वार्टर मागवली तेव्हा आमचा नवा वेटर सर्वांसमोर म्हणाला, “काका, तुम्हाला जास्त झाली आहे.” गृहस्थ एकदम उभे राहिले. “तू मला शिकवायलास का?” असे ते ओरडले आणि मी घाईने आणखी दोन पोरांना घेऊन टेबलाजवळ गेलो. चूक झाली ती इथे. चार माणसांनी वेढल्यावर कोणालाही आपल्यावर चालून आल्यासारखेच वाटते, मग प्यायलेल्या माणसाची काय कथा! त्यांची मूठ रिकाम्या बाटलीच्या मानेवर आवळलेली मला दिसली.

मी पोरांना मागे पाठवले, एकाला शेजारच्या टेबलावरची मंडळी दुसऱ्या बाजूला हलवायला सांगितले आणि स्वतः दोन हात अंतर ठेवून किंचित तिरका उभा राहिलो. दाराकडची वाट मी मुद्दाम मोकळी ठेवली. हात उघडे आणि खाली होते, आवाज त्यांच्यापेक्षा हळू होता. बाटली हिसकावण्याचा प्रयत्न मी केला नाही, कारण झटापटीत काच फुटते आणि मग कोणाला लागेल हे सांगता येत नाही. “काका, पोरगा चुकला, त्याच्या वतीने मी माफी मागतो. आता मात्र मला आणखी देता येणार नाही. जेवण गरम आहे, ते लावतो,” एवढेच मी म्हणालो. ते शिव्या देत राहिले. मी उत्तर न देता थांबलो आणि नंतर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणालो. दर वेळी नवे कारण दिले की वादाला नवे टोक मिळते, म्हणून मी कारणे वाढवत नाही.

त्यांच्या सोबत्यांपैकी एक जण फक्त सोडा पीत होता. मी त्याला बाजूला घेऊन समजावले. त्याने “दाजी, बसा, भाकरी खाऊ,” असे म्हटल्यावर बाटलीवरची मूठ सैल झाली. पाणी आणि जेवण आणताना वेटरने रिकाम्या बाटल्या व काचेचे ग्लास उचलून स्टीलचे पेले ठेवले. त्यांनी बाटली फिरवली असती किंवा कोणाच्या अंगावर हात टाकला असता, तर मी गिऱ्हाईकांना दूर करून सरळ ११२ वर फोन केला असता. काउंटरवरचा मुलगा फोन हातात घेऊनच उभा होता.

खरी अडचण निघताना आली. मोटारसायकलची किल्ली त्यांच्या ताटाशेजारी होती आणि जेवल्याने आपण शुद्धीवर आलो असे त्यांना वाटत होते. जेवण किंवा कॉफी रक्तातली दारू उतरवत नाही. किल्ली मी मागितली नाही, मेव्हण्याने मागितली. गाडी आमच्या आवारात कुलूप लावून ठेवली आणि दोघांना ओळखीच्या रिक्षातून घरी पाठवले. वेळ, बिल, काय घडले आणि साक्षीदार कोण, हे मी त्याच रात्री नोंदवहीत लिहिले.

साडेअकराला मी मेव्हण्याला फोन केला. दाजी उताणे झोपून घोरत होते. त्यांना कुशीवर वळवा, जवळ थांबा, हलवूनही जागे झाले नाहीत किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडू लागले तर १०८ ला बोलवा, असे मी सांगितले. तो फोन चालू ठेवूनच त्यांना वळवत होता आणि दाजींचे कुरकुरणे ऐकू आल्यावरच मी गल्ला बंद केला.