स्ट्रिपचा अर्धा तुकडा

गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल ६५० दिली, ताप असेल तर सहा-सहा तासांनी एक. नाकही गळत होतं, म्हणून आईने परळच्या आमच्या घराखालच्या मेडिकलमधून सर्दीच्या तीन गोळ्या परस्पर मागवल्या. सुट्ट्या मागितल्या की तिथे कात्रीने स्ट्रिप कापून देतात. नावाचा तुकडा आमच्याकडे आला, घटक छापलेला दुकानातच राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी मी त्याच गोळ्यांची अख्खी स्ट्रिप आणली. मागची अक्षरं मुंगीएवढी, मोबाइलने फोटो काढून मोठा केला तेव्हा कुठे वाचता आलं: पॅरासिटामॉल ५०० मि.ग्रॅ., फेनिलेफ्रिन १०, क्लोरफेनिरामिन २. पोटात गोळाच आला.

कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. चोवीस तासांत ६५०च्या चार, म्हणजे २६००. सर्दीच्या तीन, म्हणजे १५००. एकूण ४१००. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ४००० मि.ग्रॅ.च्या वर जायचं नसतं आणि आईचं वजन ४४ किलो! इतक्या कमी वजनाला मर्यादा आणखी खाली येते.

"पण मला काहीच होत नाहीये गं," आई म्हणाली. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, त्यावर जाऊ नका. जास्त पॅरासिटामॉल यकृताला बाधतं, पण पहिल्या दिवशी बहुतेकदा काही जाणवतच नाही, फार तर मळमळ. पोटाच्या उजव्या बाजूला वर दुखणं, कावीळ हे नंतरचं. त्यावर उतारा असतो, पण तो लवकर दिला तर चांगला लागू पडतो. दोन्ही गोळ्या बंद करा आणि आत्ताच कॅज्युअल्टीत न्या.

तिथे रक्तातलं पॅरासिटामॉल आणि यकृताची तपासणी केली. कोणती गोळी किती वाजता घेतली ते त्यांनी तीनतीनदा विचारलं, तेव्हा ते कॅलेंडरचं पान कामी आलं. स्ट्रिपही मी सोबत नेली होती. रिपोर्ट नॉर्मल आले, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासले, तेही ठीक.

त्यानंतर घरातला औषधांचा डबा पालथा केला. आईच्या कंबरदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल ३२५ निघालं. पुढचं मोठं नाव दुखण्यावरच्या दुसऱ्याच औषधाचं, त्यामुळे कधी लक्षच गेलं नव्हतं. मामाने अमेरिकेहून आणलेल्या बाटलीवर ॲसिटामिनोफेन लिहिलंय. तेही पॅरासिटामॉलच, फक्त तिकडचं नाव. असतील त्या सगळ्यांवर मी लाल स्केचपेनने "पॅ" आणि आकडा लिहून टाकला.

मेडिकलवाल्याला आता घटक छापलेलाच तुकडा मागते. तो कुरकुरतो, उरलेली स्ट्रिप मग विकू कशी म्हणतो. त्याचंही खरंच आहे. मग मी अख्खी घेते.