एकेक नाकपुडी सोडवताना

जुलैत साधं पडसं झालं. नाक चोंदलं म्हणून मेडिकलमधून झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स आणले. दोन थेंब टाकले की पाच मिनिटांत नाक मोकळं, आणि रात्रभर शांत झोप. पडसं आठवड्यात गेलं, पण ड्रॉप्स सुटले नाहीत. सहा आठवड्यांनी अशी गत झाली की पहाटे तीनला श्वास अडकून जाग यायची आणि हात आपोआप उशीखालच्या बाटलीकडे जायचा. आधी आठ-नऊ तास टिकणारा आराम आता तीन तासांवर आला होता. नाक वाहत नव्हतं, शिंका नव्हत्या, ताप नव्हता. नुसतं बंद.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ड्रॉप्स किती दिवस चालू आहेत?" मग त्यांनी नीट समजावलं. नाकातल्या फुगीर भागात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. हे औषध त्या आकसून टाकते म्हणून वाट मोकळी होते. रोज आकसवत राहिलं की त्या औषधाला दाद देईनाशा होतात, आणि असर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात. म्हणजे माझं नाक आता पडशाने नव्हे, थेंबांनीच चोंदत होतं. तीन ते पाच दिवसांपुढे हे ड्रॉप्स वापरू नयेत, हे मला तेव्हा कळलं.

एकदम बंद करायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी एकेक नाकपुडी सोडवायला सांगितलं. उजवीत थेंब पूर्ण बंद, डावीत फक्त रात्री. सोबत दोन्हीकडे फ्लुटिकासोनचा स्टिरॉइड स्प्रे, रोज सकाळी. हा स्प्रे लगेच नाक उघडत नाही, पुरता गुण यायला आठवडा लागू शकतो. मला हे आधी सांगितलं नसतं तर दुसऱ्याच दिवशी मी तो फेकला असता. मारतानाही नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे वळवायचं, नाहीतर पडदा कोरडा पडून रक्त येतं. म्हणून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मारायचं.

पहिल्या तीन रात्री खरोखर वाईट गेल्या. उजवी बाजू दगडासारखी बंद. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं. झोपण्याआधी उकळून कोमट केलेल्या पेलाभर पाण्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून नाक धुतलं. चौथ्या रात्री उजवीकडून बारीक शीळ वाजल्यासारखी हवा आली. मी अंधारात उठून बसलो, डावी नाकपुडी बोटाने दाबली आणि नुसत्या उजवीने श्वास घेऊन पाहिला. नवव्या दिवशी उजवी पूर्ण मोकळी झाली, तेव्हा डावीचे थेंबही थांबवले. तोवर स्प्रेचा गुण आला होता, त्यामुळे तिला पाचच दिवस लागले.

महिन्याने पुन्हा तपासणी झाली. डावीकडे पडदा थोडा वाकडा निघाला, म्हणून ती बाजू आजही जरा अरुंद वाटते. त्यावर ड्रॉप्स हा उपाय नव्हताच.