आमची वाटचाल : रात्रीच्या फुटेजने बुडवलं आणि त्यानेच वर काढलं

२०११ साली सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचा धंदा सुरू केला तेव्हा दुकान नव्हतं, पुण्याच्या तापकीर गल्लीतून माल उचलायचा, स्कूटरला शिडी बांधायची आणि साइटवर जायचं एवढंच. त्या वेळचा क्रिम्पिंग टूल आणि मल्टिमीटर अजून माझ्या बॅगेत आहे. नवीन पोरं मल्टिमीटर काढतच नाहीत, पण रात्री डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे, म्हणजे आयआर लाइट लागले की कॅमेरा करंट जास्त ओढतो, वायर लांब आणि बारीक असेल तर करंट पुरवणाऱ्या एसएमपीएसकडे १२ व्होल्ट आणि कॅमेऱ्यापाशी १० अशी गत होते, मग दिवसभर मस्त चालणारा कॅमेरा रात्री सारखा बंद-चालू होत राहतो आणि हे कॅमेरा बदलून देतात. रात्री जाऊन व्होल्टेज मोजा, अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात.

मधली वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते सिंहगड रोडच्या एका सोसायटीबद्दल, कारण तिच्यामुळे आमचं दुकान बंद व्हायची वेळ आली होती आणि अजूनही बरेच लोक अर्धीच गोष्ट सांगतात.

त्या सोसायटीत कॅमेरे आम्ही बसवले होते. गेटवर ४ मेगापिक्सेलचा बुलेट, साधारण दहा फुटांवर, रात्री आयआरवर ब्लॅक अँड व्हाइट. दोन वर्षांनी एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं काम, दुसऱ्या पार्टीकडे गेली, आमच्यापेक्षा कमी रेट होता, ठीक आहे, धंद्यात होतं असं. त्या माणसाने पहिल्याच मीटिंगमध्ये चेअरमनना मोबाईलवर गेटचा कॅमेरा दाखवला, रात्रीचं चित्र एकदम कलर, एकदम स्वच्छ, दाण्यांचा पत्ता नाही. सगळे खूश, आणि "आधीच्याला सेटिंग जमत नव्हतं" असं माझ्यामागे बोलून झालं. पुढे काही महिन्यांनी पार्किंगमधून बाईक गेली. फुटेजमध्ये गेटमधून बाईक ढकलत नेणारा माणूस म्हणजे नुसता पांढुरका पट्टा, चेहरा नाही, शर्टाचा रंगसुद्धा धड नाही. आणि दोष कोणाला? कॅमेरे बसवणाऱ्याला. आमचं शेवटचं बिल अडकवलं, वर ते फुटेज व्हॉट्सॲपवर आजूबाजूच्या सोसायट्यांत फिरलं आमच्या नावासकट. त्या सीझनला ठरलेली तीन कामं हातची गेली, एका पोराला सुट्टी द्यावी लागली, दुकानाचं भाडं थकलं.

तेव्हा उभे राहिले ते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटचे आमचे शेठ. त्यांच्या वखारीत कॅमेरे पहिल्यापासून आमचेच. मी त्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "भाऊ, तोंडी नको सांगू. माझ्या वखारीत तसंच सेटिंग लाव, मला बघू दे." सोसायटीचा डीव्हीआर मी फुटेज काढायला गेलो तेव्हा पाहिला होता, त्यामुळे काय काय बदललंय ते माहीत होतं. वखार बंद झाल्यावर रात्री आम्ही तेच सेटिंग लावलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण चारही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे एक आयआर कट फिल्टर असतो, दिवसा तो आयआर अडवतो म्हणून रंग खरे दिसतात, अंधार पडला की तो टक असा आवाज करून बाजूला सरकतो आणि आयआर लाइटचा उजेड सेन्सरवर पडतो, चित्र ब्लॅक अँड व्हाइट होतं. त्या माणसाने `Day/Night` हे `Auto` वरून काढून `Color` वर कायमचं ठेवलं होतं. म्हणजे फिल्टर रात्रभर पुढेच, आयआर पेटला तरी सेन्सरला त्याचा उपयोग शून्य. उजेड नाही म्हटल्यावर कॅमेरा काय करणार, गेन वाढवणार, म्हणजे मिळालेला सिग्नलच फुगवणार, आणि गेन वाढला की चित्रात दाणे वाढणार. दाणे मारायला `3D DNR` पूर्ण वर, आणि तरी चित्र काळपट म्हणून शटर १/१२ सेकंद. थ्रीडी डीएनआर आधीच्या फ्रेम आणि आताची फ्रेम मिसळून दाणे काढतो, त्यामुळे भिंत, गेट, उभी गाडी असं जे हलत नाही ते फार छान दिसतं. हलणाऱ्या माणसाच्या मात्र मागे शेपटी उरते. त्यात शटर, माणूस साध्या चालीने सेकंदाला सव्वा-दीड मीटर जातो, म्हणजे १/१२ सेकंदात तो दहा-बारा सेंटिमीटर सरकला, चेहऱ्याची रुंदीच जेमतेम पंधरा सेंटिमीटर असते. तो चेहरा कुठला मिळणार? आणि हे पुसट झालेलं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

शेठनी वॉचमनला कॅमेऱ्यासमोरून चालायला लावलं, रेकॉर्डिंग पॉज केलं. हुबेहूब सोसायटीसारखा पट्टा.

मग आमच्या पद्धतीने. `Auto` केलं, टक आवाज ऐकला. शटर १/५०, म्हणजे तोच माणूस तीन सेंटिमीटरच सरकतो. डीएनआर शंभरवरून तीसच्या आसपास. चित्र थोडं अंधारं आणि दाणेदार झालं, शेठ म्हणाले "आधीचं बरं दिसत होतं". म्हटलं थांबा, आणि कॅमेऱ्यापासून तीन-चार फूट बाजूला वेगळा आयआर इल्युमिनेटर लावला, ८५० नॅनोमीटरचा. ९४० चा लाल ठिपका दिसत नाही, पण सेन्सर त्याला कमी दाद देतो, रेंज पडते, म्हणून वखारीत तो नको. उजेड वाढल्याबरोबर गेन आपोआप खाली आला, दाणे गेले, डीएनआरला हात लावावा लागला नाही. वॉचमन पुन्हा चालला, पॉज केलं, आणि त्याची मिशी मोजता येईल असा चेहरा. शेठनी दोन्ही क्लिप स्वतःच्या फोनवरून त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पाठवल्या आणि फोन करून बोलले. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं.

लाइट बाजूला लावण्याचं अजून एक कारण. आयआर कॅमेऱ्यातच असेल तर किडे तिथेच येतात, कोळी जाळं लेन्ससमोर विणतो, आणि जवळचं जाळं इतकं उजळतं की मागचं सगळं काळं पडतं. पांढरी भिंत किंवा छताची कड फ्रेममध्ये जवळ असली तरी तेच होतं, आयआर तिथून परत येतो आणि कॅमेरा एक्स्पोजर खाली आणतो. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, त्यामुळे जवळचं जळतं आणि लांबचं बुडतं. कॅमेरा थोडा फिरवून ती कड फ्रेमबाहेर काढा, आणि डोम असेल तर काचेवरची धूळ पुसा, आतली फोमची रिंग नीट बसली नसेल तर आयआर आतूनच लेन्सवर येतो आणि धुकं दिसतं.

सोसायटीने पुढे गेटचं काम परत आम्हाला दिलं, जुन्या बिलातलं अर्धंच मिळालं, आणि बदनामीचा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी कोणी दुरुस्तीचा मेसेज पाठवला नाही. ती दुसरी पार्टी आजही मोबाईलवर रिकाम्या गेटचं कलर चित्र दाखवून कामं घेते.

म्हणून कोणी रात्रीचा डेमो दाखवला तर लाइव्ह बघू नका. घरातल्या कुणाला तरी कॅमेऱ्यासमोरून नेहमीच्या वेगाने चालायला सांगा, रेकॉर्डिंग लावा, पॉज करा, चेहरा बघा. दिवसा झाडांची पानं गुलाबीसर दिसत असतील तर फिल्टर बाजूलाच अडकलाय. रात्री आयआर पेटूनही काळोखच राहत असेल तर तो पुढे अडकलाय किंवा कोणीतरी `Color` करून ठेवलंय, आधी मेनू बघा मग कॅमेरा काढा. आणि रात्री गाडीचा नंबर हवा असेल तर त्याला वेगळा कॅमेरा लागतो, नंबरप्लेट आयआर सरळ परत फेकते आणि नुसती पांढरी पाटी दिसते, तिथे शटर १/५०० च्या पुढे आणि लेन्स लांबची. चेहरा आणि नंबर एकाच कॅमेऱ्यात देतो म्हणणाऱ्याला आधी रात्री साइटवर करून दाखवायला सांगा.